लॉगमध्ये चोराचा पत्ता नव्हता, माझा पासवर्ड होता

गोव्यातल्या मांद्रे गावात आमच्या घराच्या मागच्या अंगाला सहा खोल्या आहेत. सीझनला त्या पर्यटकांना देतो. बुकिंगसाठी म्हापशाच्या एका मुलाकडून वेबसाइट करून घेतली होती. पाहुण्याने खातं उघडायचं, तारीख निवडायची, पडद्यावरच्या यूपीआय आयडीवर निम्मे पैसे आगाऊ भरायचे आणि त्याचा स्क्रीनशॉट टाकायचा. तो यूपीआय आयडी बदलण्याची सोय माझ्या, म्हणजे मालकाच्या पानावर होती.

२०२३ च्या २७ डिसेंबरला कोल्हापूरच्या एका पाहुण्याचा फोन आला. "अहो, दोन खोल्यांचे पैसे पाठवून आठवडा झाला, पावती काय आली नाही अजून." मी बँकेचं खातं बघितलं, तर पैसे नाहीत. त्यांनी स्क्रीनशॉट पाठवला. त्यात पैसे घेणाऱ्याचं नाव भलत्याच माणसाचं. "तुमचा मॅनेजर असेल असं वाटलं," ते म्हणाले. आमच्याकडे मॅनेजर नाही, मी आणि बायको एवढेच.

साइट उघडली, तर आगाऊ रक्कम भरायच्या पानावर तिसऱ्याच कुणाचा तरी आयडी. तेरा दिवसांत अकरा पाहुण्यांचे मिळून १,३८,५०० रुपये तिकडे गेले होते. ऐन ख्रिसमसच्या गर्दीत मी रोजचा हिशेब लावत नव्हतो, ही माझी चूक. पण आयडी बदललाच कसा, हा प्रश्न त्याहून मोठा होता.

१९३० वर फोन करून तक्रार नोंदवली आणि दुसऱ्या दिवशी रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं, "आयडी कुठल्या तारखेला, किती वाजता बदलला? लॉगिन कुठल्या आयपीवरून, म्हणजे कुठल्या इंटरनेट पत्त्यावरून झालं? तुमच्या नेहमीच्या मोबाइलवरून की दुसऱ्या?" मी म्हटलं, साइटवाल्याकडे लॉग, म्हणजे साइटवर काय काय घडलं त्याची नोंदवही, असेल. साइटवालाही फोनवर म्हणाला, "हो काका, लॉगिनचा सगळा लॉग आहे." ऐकून हायसं वाटलं.

पर्वरीला सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या भाच्याला बसवून ती फाइल उघडली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत असंच होतं:

```
Array
(
    [user] => malak
    [pass] => Chavth@2019
)
Array
(
    [user] => malak
    [pass] => Chavath@2019
)
```

(हे पासवर्ड आता मेलेले आहेत, म्हणून इथे दाखवतोय.) पहिला माझा चुकून एक अक्षर गाळलेला, दुसरा बरोबर. तारीख नाही, वेळ नाही, आयपी नाही, लॉगिन झालं की नाही तेही नाही. पोलिसांनी विचारलेलं एकही त्यात नव्हतं, आणि जे जगात कुणालाच दिसायला नको, नेमकं तेच होतं.

भाच्याने कोड उघडून कारण दाखवलं. ही एक ओळ:

```
error_log(print_r($_POST, true), 3, "logs/login.txt");
```

म्हणजे लॉगिनच्या फॉर्ममध्ये माणसाने जे जे टाइप केलं, ते सगळं जसंच्या तसं फाइलीत ओत. दोन वर्षांपूर्वी एका पाहुण्याला लॉगिन जमत नव्हतं, तेव्हा नक्की काय येतंय ते बघायला मुलाने ही ओळ घातली आणि काढायची विसरला. त्याचं म्हणणं, "पण काका, डेटाबेसमध्ये पासवर्ड हॅश करूनच ठेवलेत." ते खरंच होतं. हॅश म्हणजे पासवर्डचा असा चुरा, ज्यातून तो परत जोडता येत नाही. डेटाबेस चोरीला गेला असता तरी त्यातून मूळ पासवर्ड सहज निघाला नसता. पण हॅश होण्याआधीच तो फाइलीत लिहिला जात होता, तर पुढच्या कुलपाचा उपयोग काय? ही चूक फक्त म्हापशाचा पोरगाच करतो असंही नाही. ट्विटरने मे २०१८ मध्ये हेच कबूल केलं होतं, हॅश होण्याआधी पासवर्ड आतल्या लॉगमध्ये लिहिले जात होते, आणि तेहतीस कोटी लोकांना पासवर्ड बदलायचा सल्ला दिला होता.

आमची फाइल तर साइटच्याच फोल्डरमध्ये होती. ब्राउझरमध्ये पत्त्यापुढे `/logs/login.txt` टाइप केलं की कुणालाही उघडत होती.

चोर कधी आला ते कळलं दुसऱ्याच नोंदींवरून. होस्टिंग कंपनीचा सर्व्हर स्वतःचा एक लॉग ठेवतो, कुठल्या आयपीने कुठलं पान मागितलं त्याचा. महिना संपला की जुना काढून टाकायची तिथे सेटिंग होती. भाच्याने २९ डिसेंबरला तो उतरवून घेतला. तीन दिवस उशीर झाला असता तर तोही गेला असता. त्यात हे सापडलं (आयपी इथे बदललाय):

```
203.0.113.57 - - [13/Dec/2023:20:41:40 +0000] "GET /logs/login.txt HTTP/1.1" 200 48213
```

त्याच्या आधी त्याच आयपीवरून `/backup.zip`, `/.env` अशा नावांची दारं ठोठावून झाली होती, प्रत्येकाला ४०४, म्हणजे 'नाही'. मग हे एक दार उघडलं. ४८,२१३ बाइट म्हणजे सगळी फाइल, सातशेच्या वर नोंदी. पंधरा मिनिटांनी लॉगिन. आमची साइट पासवर्ड चुकला की तेच पान परत दाखवते, म्हणजे २००, आणि बरोबर आला तर पुढे पाठवते, म्हणजे ३०२. चोराला पहिल्याच फटक्यात ३०२ मिळाला होता. पुढची नोंद आयडी बदलायच्या पानाची.

मी तक्रारीत '१३ डिसेंबर, रात्री पावणेनऊ' लिहायला निघालो होतो. भाच्याने हात धरला. शेवटचं `+0000` म्हणजे सर्व्हरचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे. आपल्या वेळेने ते १४ तारखेचे पहाटेचे २ वाजून ११ मिनिटं. चुकीची वेळ दिली असती तर त्या क्षणी तो आयपी वापरणारा भलताच माणूस पोलिसांच्या कागदावर आला असता.

तरी त्या आयपीने काम झालं नाहीच. तो मोबाइल कंपनीचा निघाला. मोबाइल कंपन्या एकच आयपी एकाच वेळी कितीतरी ग्राहकांना वाटून देतात. त्यातला नेमका कोण, हे शोधायला आयपीबरोबर पोर्ट नंबर लागतो, आणि तो सर्व्हरच्या नेहमीच्या लॉगमध्ये लिहिला जात नाही. तपास मग पैशाच्या मागे गेला. तो आयडी परराज्यातल्या एका भाड्याने दिलेल्या खात्याला जोडलेला होता. त्यात २२,००० रुपये अडवले गेले, बाकीचे पुढे पळाले होते.

यात मला सर्वात जास्त लागलं ते पुढचं. 'चुकीचे लॉगिन मोजत राहा, पाच झाले की कुलूप घाला' हे मी ऐकून होतो. पण ज्याच्या हातात पासवर्ड आहे तो एकदाही चुकत नाही. आमच्या चोराने शून्य चुका केल्या. चुका करतो तो खरा मालक, चष्मा न लावता. चुकलेल्या प्रयत्नांची नोंद कामाची असते ती अंदाज करणाऱ्या चोरासाठी: एकाच आयपीवरून शंभर वेगवेगळी खाती एकेकदा ठोठावली जाताहेत, असं काही. आम्हाला वाचवू शकली असती ती नव्या उपकरणाची नोंद. पहाटे दोनला 'नवीन उपकरणावरून लॉगिन' असा एक मेसेज आला असता, तर सकाळी चहाच्या आधी आयडी परत बदलला असता.

आता भाच्याने तशी व्यवस्था केली आहे. लॉगिन झालं की ब्राउझरमध्ये एक लांबलचक आकडा कुकी म्हणून ठेवला जातो. पुढच्या वेळी तो नसेल तर उपकरण नवं धरायचं आणि मला मेसेज पाठवायचा. फक्त 'अँड्रॉइडवरचं क्रोम' एवढ्यावर विसंबून चालत नाही, ते अर्ध्या गोव्याकडे आहे. कुकी पुसली की माझाच फोन नवा दिसतो आणि खोटी घंटा वाजते, तेवढं मी सोसतो. आता नोंद अशी दिसते:

```
2024-01-20T21:14:05+05:30 login_fail user_id=1 ip=203.0.113.24 port=51544 new_device=yes
```

यूपीआय आयडी बदलला तर जुना कोणता, नवा कोणता, कुणी बदलला याची वेगळी ओळ.

यात नाव नाही, `user_id` आहे, त्यालाही कारण आहे. जुन्या फाइलीत एके ठिकाणी `[user] => Chavath@2019` सापडलं. घाईत मी पासवर्ड नावाच्याच रकान्यात मारला होता. म्हणून आता टाइप केलेलं नाव खात्यांच्या यादीत असेल तरच त्याचा क्रमांक लिहिला जातो, नाहीतर `user_id=none`. साइटवाल्याने मध्येच सुचवलं, "चुकलेल्या पासवर्डचा निदान एमडी५ हॅश ठेवू, तपासाला बरं." भाचा म्हणाला, माणसाने बनवलेल्या पासवर्डचा एमडी५ फोडणं साध्या संगणकाचा खेळ आहे, आणि चुकलेला पासवर्ड तर बहुतेक वेळा खऱ्याहून एका अक्षराने लांब असतो.

किंवा तो दुसऱ्या कुठल्या तरी दाराचा खरा पासवर्ड असतो. बायकोच्या नावाने लागोपाठ चार चुकलेल्या नोंदी होत्या. तिने बघितल्या आणि गप्प झाली. आठवत नव्हता म्हणून तिने आपले पाठ असलेले सगळे मारून बघितले होते. त्यात एक ईमेलचा होता, एक बँकेचा.

साइटवाल्याने विचारलं, "फाइल डिलीट करू ना?" कर म्हटलं. पण रोज रात्री साइटचा बॅकअप निघत होता, आणि त्या प्रत्येक बॅकअपमध्ये ती फाइल होती. एकेक उघडून पुसायला त्याला दोन दिवस लागले.

राहिले पाहुणे. लॉगिनचं पान सगळ्यांना एकच, त्यामुळे फाइलीत त्यांचेही पासवर्ड होते, त्रेचाळीस जणांचे. मी रजिस्टर घेऊन बसलो आणि एकेकाला फोन लावला. बहुतेक जण वैतागले, दोघांनी शिव्या घातल्या. बेळगावचे एक निवृत्त मास्तर मात्र शांतपणे ऐकत होते. मी म्हटलं, "तुम्ही आमच्या साइटवर टाकलेला पासवर्ड आणखी कुठे वापरत असाल तर आजच बदला."

"तो सगळीकडे तोच आहे," ते म्हणाले. मग थोडा वेळ थांबून, "पण काय हो, तो तुमच्याकडे लिहून कशाला ठेवला होता?"