पीएफला नॉमिनी आई, घरात बायको-मुलं: पैसे नेमके कोणाचे?

नोकरीला लागताना फॉर्मवर नॉमिनी म्हणून आईचं नाव घालायचं आणि मग त्या कागदाकडे वळूनही बघायचं नाही, हे आपल्याकडे सर्रास चालतं. मधल्या काळात लग्न होतं, मुलं होतात. अशा माणसाचं काही बरंवाईट झालं तर ईपीएफ आणि पीपीएफ ही दोन खाती अगदी वेगळी वागतात.

समजा, पुण्यातला एक हिंदू नोकरदार मृत्युपत्र न करता गेला. ईपीएफमध्ये २४ लाख, पीपीएफमध्ये १२ लाख. दोन्हीकडे लग्नाआधीपासून नॉमिनी आईच. मागे आई, वडील, पत्नी, १२ वर्षांची मुलगी आणि ९ वर्षांचा मुलगा.

आधी पीपीएफ. इथे लग्न झालं म्हणून जुनं नॉमिनेशन रद्द होत नाही. आई मृत्यूचा दाखला आणि क्लेम फॉर्म घेऊन जाईल, बँक किंवा पोस्ट १२ लाख तिच्या खात्यात टाकेल आणि तिथे त्यांची जबाबदारी संपेल. आईची मात्र संपत नाही. नॉमिनीला पैसे स्वीकारायचा अधिकार असतो, मालकी वारसांची. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे पत्नी, मुलगी, मुलगा आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस, म्हणून प्रत्येकी ३ लाख. वडील दुसऱ्या वर्गात मोडतात, त्यांना काहीच नाही. (हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो.) आईने पैसे वाटले नाहीत तर सुनेला दिवाणी दावा लावावा लागतो, आणि तोवर पैसे खर्च झालेले असू शकतात.

ईपीएफचं तसं नाही. १९५२ च्या योजनेत लग्नाआधीचं नॉमिनेशन लग्नानंतर अवैध ठरतं. म्हणजे आईचं नाव कागदावर असूनही नसल्यासारखं. वैध नॉमिनी नसला की पीएफ कार्यालय योजनेच्या व्याख्येतल्या ‘कुटुंबा’ला समान वाटे देतं: पत्नी, मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील. आईवडील दोघंही त्याच्यावर अवलंबून असतील तर पाच वाटे, प्रत्येकी ४ लाख ८० हजार. पीपीएफमध्ये हात रिकामा राहिलेल्या वडिलांना इथे वाटा मिळतो. आईवडिलांचं स्वतःचं पेन्शन असेल आणि ते अवलंबून नसतील, तर तिघांना ८-८ लाख. हाच माणूस पंधरा वर्षांनी गेला असता तर सज्ञान मुलगा आणि नवरा हयात असलेली विवाहित मुलगी या वाटपातून बाहेर राहिली असती.

मग ईपीएफला नव्याने पत्नीचं नाव लावलं की पैसे पूर्णपणे तिचेच का? कायद्यात रक्कम नॉमिनीकडे निहित होते असे शब्द आहेत, त्यावर बोट ठेवून तसा युक्तिवाद होतो. पण २००९ मध्ये एका बँक कर्मचाऱ्याच्या भविष्य निर्वाह निधीच्या प्रकरणात, जिथे नॉमिनी आई होती आणि हक्क मागत होती पत्नी, सर्वोच्च न्यायालयाने नॉमिनीला फक्त रक्कम स्वीकारणारी मानलं आणि वाटणी वारसा कायद्याने करायला सांगितली. त्यामुळे ‘नॉमिनी म्हणजे मालक’ हे गृहीत धरून मी तरी काही ठरवणार नाही.

पेन्शन या भांडणात येतच नाही. ईपीएस-९५ मध्ये विधवेचं पेन्शन पत्नीला मिळतं आणि दोन मुलांना २५ वर्षांचे होईपर्यंत, नॉमिनी कोणीही असो.

तर नॉमिनेशन करायचं की मृत्युपत्र? एकच करायचं असेल तर नॉमिनेशन आधी करा, कारण ते नसलं की मोठ्या रकमेसाठी न्यायालयातून सक्सेशन सर्टिफिकेट आणा, वर्तमानपत्रात नोटीस द्या, यात महिने जातात. पण पैसे कोणाचे हे आपल्या मनाप्रमाणे ठरवायचं असेल, उदाहरणार्थ पीपीएफ पूर्ण पत्नीला किंवा वडिलांनाही काही, तर मृत्युपत्राला पर्याय नाही. त्याला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. ईपीएफला मात्र कुटुंब असताना बाहेरच्या कोणाला, अगदी भावालाही, नॉमिनी करता येत नाही.

हा हिशेब हिंदू कुटुंबाचा आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांत वाटे वेगळे पडतात.

ईपीएफचं नाव बदलायचं तर यूएएन पोर्टलवर Manage खाली E-Nomination आहे. घरच्यांचे आधार क्रमांक आणि फोटो भरून टक्केवारी टाकता येते. पत्नी ७०, अवलंबून असलेली आई ३० असंही चालतं. बरेच जण इथवर येऊन थांबतात. शेवटी आधार ओटीपीने ई-साइन केल्याशिवाय नॉमिनेशन पूर्ण होत नाही, ते नुसतं प्रलंबित दिसत राहतं. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा लॉगिन करून पाहा.