मार्ग बदललेल्या जहाजाच्या नावाखाली घेतलेला जादा हप्ता

माल निर्यात करणाऱ्या लहान व्यावसायिकांना सावध करण्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे 2023 च्या अखेरीपासून युरोपकडे जाणारी अनेक जहाजे सुएझ कालव्याऐवजी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून जाऊ लागली. 2024 मध्ये न्हावा शेवाहून रॉटरडॅमला निघालेला आमचा बेदाण्याचा कंटेनर अशाच जहाजावर होता.

जहाजाने मार्ग बदलल्याचे कळताच, ज्याच्यामार्फत आम्ही जहाजभाडे ठरवले होते त्या मध्यस्थाचा फोन आला. जाहीर केलेला प्रवास बदलल्यामुळे विमा संपुष्टात येतो, तो चालू ठेवण्यासाठी विमा कंपनीकडून 'हेल्ड कव्हर्ड' करून घ्यावे लागेल आणि त्यासाठी विमा रकमेच्या दीड टक्का जादा हप्ता भरावा लागेल, असे त्याने सांगितले. विमा रक्कम 44 लाख होती. म्हणजे 66 हजार रुपये. त्याच्याच खात्यात पैसे भरल्यावर विमा कंपनीच्या नावाचे, शिक्का असलेले पत्र आम्हाला मिळाले.

यातील पहिले असत्य पॉलिसी वाचली की उघड होते. आमची पॉलिसी 'इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस (ए)' च्या 2009 च्या आवृत्तीवर होती. तिच्या कलम 8.3 नुसार जहाजाने मार्ग सोडला, अथवा वाहतूक कंपनीने करारातील मुभा वापरून प्रवासात बदल केला, तरी मालाचा विमा चालूच राहतो. त्यासाठी वेगळी विनंती लागत नाही आणि जादा हप्ताही लागत नाही. युद्धजोखमीचा विमा वेगळ्या कलमांवर चालतो आणि त्याचा दर विमा कंपनी वाढवू शकते, पण मध्यस्थाने पैसे त्यासाठी मागितले नव्हते.

वेळेवर सूचना देण्याची अट खऱ्या अर्थाने लागू होते ती दोन प्रसंगी. विमाधारकाने स्वतः गंतव्य बदलले तर कलम 10 नुसार तत्काळ कळवून दर आणि अटी ठरवून घ्याव्या लागतात. आणि विमाधारकाच्या हाताबाहेरच्या कारणाने वाहतुकीचा करार दुसऱ्याच बंदरात संपला तर कलम 9 लागू होते: विमाही तिथेच संपतो, पण तत्काळ कळवून मुदतवाढ मागितली तर, गरज पडल्यास जादा हप्ता घेऊन, तो पुढे चालू राहतो. माल त्या बंदरात पोहोचल्यापासून सर्वसाधारणपणे 60 दिवसांच्या आत तो विकला गेला पाहिजे किंवा पुढे रवाना झाला पाहिजे.

आमच्या बाबतीत हा दुसरा प्रसंग खरोखरच आला. वाहतूक कंपनीने प्रवास स्पेनमधील अल्हेसिरास येथे संपल्याचे कळवून कंटेनर तिथेच उतरवला. विमा कंपनीला कळवणे आवश्यक झाले ते याच क्षणी. ही सूचना आम्ही मध्यस्थाकडे पाठवली तेव्हा, आधीचे पत्र पूर्ण प्रवासासाठी आहे आणि सूचना त्याने पुढे दिली आहे, असे त्याने लेखी कळवले. पुढे दुसऱ्या जहाजाने रॉटरडॅमला पोहोचलेला कंटेनर उघडला तेव्हा बराचसा बेदाणा भिजून बुरशी लागलेला निघाला. सर्व्हेअरच्या अहवालात पाणी अल्हेसिरासच्या मुक्कामात शिरल्याचे नमूद आहे. विमा कंपनीने दावा नाकारला, कारण त्यांच्याकडे सूचना पोहोचलीच नव्हती. पत्रावरचा एंडोर्समेंट क्रमांक त्यांच्या नोंदीत नव्हता आणि 66 हजारांपैकी एक रुपयाही त्यांना मिळाला नव्हता. त्या इसमाकडे विमा दलालीचा परवानाही नव्हता.

खोट्या पत्रात ओळखता येण्याजोग्या खुणा होत्या. त्यात पॉलिसी क्रमांक होता, पण पॉलिसीतील कोणत्या कलमाखाली मुदत वाढवली ते नव्हते, आणि हप्त्याची जीएसटीसह पावती जोडलेली नव्हती. खरे एंडोर्समेंट आले असेल तर विमा कंपनीच्या शाखेला क्रमांक विचारून काही मिनिटांत खात्री करता येते, आणि हप्ता कंपनीच्या खात्यातच जातो.

पोलिसांत तक्रार दाखल झाली आहे. दरम्यान आमच्या दुसऱ्या एका कंटेनरचा प्रवासही मधल्या बंदरात संपला, तेव्हा विनंती आम्ही त्याच दिवशी थेट विमा कंपनीच्या अंडररायटिंग विभागाला ई-मेलने पाठवली. तिच्यात पॉलिसी, बिल ऑफ लेडिंग आणि कंटेनर यांचे क्रमांक, जाहीर केलेला प्रवास, माल प्रत्यक्ष उतरवलेले बंदर, ही बातमी आम्हाला कळल्याची तारीख आणि वाहतूक कंपनीच्या पत्राची प्रत दिली. माल सध्या कोठे व कोणत्या स्थितीत आहे, हेही काहीही न लपवता लिहिले, कारण माहिती दडवून मिळवलेले संरक्षण दाव्याच्या वेळी टिकत नाही. कलम 9 नुसार विमा चालू ठेवावा आणि जादा हप्ता किती ते कळवावे, अशी स्पष्ट मागणी केली. कंपनीची लेखी पोच आली, आणि त्यानंतर आलेल्या एंडोर्समेंटवर त्यांनी मागितलेला हप्ता 66 हजारांच्या जवळपासही नव्हता.