मूळ दस्त की झेरॉक्स: दाव्यात कशावर उभं राहायचं?

प्राथमिक आणि दुय्यम पुराव्याच्या व्याख्या तुम्हाला ठाऊक आहेत असं धरून चालतो. अडचण व्याख्येची नसतेच. हातात झेरॉक्स असते, मूळ दस्त कुणाकडे तरी अडकलेला किंवा गहाळ असतो, आणि ठरवायचं असतं की आहे त्या झेरॉक्सवर साक्ष सुरू करायची, की आधी मुळाच्या मागे लागायचं. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या दिवाणी न्यायालयांत मी दोन्ही वाटांनी गेलो आहे. माझा कल मुळाकडे आहे. पण झेरॉक्सची वाट निकामी आहे असं मी म्हणणार नाही, कारण काही दाव्यांत तीच एक वाट उरते आणि ती नीट चालली तर पोहोचवते.

कलमांचे आकडे एकदाच सांगतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 लागू झाला. दुय्यम पुरावा म्हणजे काय ते आता कलम 58 मध्ये आहे, तो कधी देता येतो ते कलम 60 मध्ये आणि दस्त हजर करण्याच्या नोटिशीचा नियम कलम 64 मध्ये. त्या तारखेपूर्वीपासून चालू असलेल्या प्रकरणांना 1872 चाच कायदा लागू राहतो, तिथे हीच कलमं अनुक्रमे 63, 65 आणि 66. तत्त्व जवळपास तेच आहे, त्यामुळे जुने निकाल अजूनही कामाला येतात.

झेरॉक्सची ताकद कुठे दिसते ते एका दाव्यावरून सांगतो. इसारपावती होती, नोंदणी न केलेली, ताबा दिलेला नव्हता. खरेदीखताच्या वेळी लागेल म्हणून मूळ पावती विकणाऱ्याने स्वतःकडे ठेवली आणि घेणाऱ्याला झेरॉक्स दिली. पुढे जमिनीचा भाव वाढला आणि विकणारा फिरला. आम्ही वादपत्रातच लिहिलं की मूळ पावती प्रतिवादीच्या ताब्यात आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 7 नियम 14 प्रमाणे, आपल्याजवळ नसलेला दस्त कुणाच्या ताब्यात आहे हे शक्य तिथे सांगायचंच असतं. बरेच जण हे वाक्य गाळतात आणि साक्षीच्या वेळी एकदम मांडतात. मग उलटतपासात पहिलाच प्रश्न येतो, की हे आधी का सांगितलं नाही?

नंतर प्रतिवादीच्या वकिलांना दस्त हजर करण्याची नोटीस दिली, आदेश 12 नियम 8 प्रमाणे. उत्तर आलं की असा दस्त कधी झालाच नाही. इथे पुष्कळांना वाटतं की नोटीस दिली, मूळ आलं नाही, म्हणजे झेरॉक्सला दार उघडलं. तसं होत नाही. मूळ समोरच्याच्या ताब्यात असल्याचं दाखवावं लागतं, निदान तसं दिसलं तरी पाहिजे. नुसत्या नोटिशीने ते दिसत नाही. आमच्या बाजूला पावतीवर सही केलेला एक साक्षीदार होता. त्याने शपथेवर सांगितलं की सह्या त्याच्यासमोर झाल्या, मुद्रांक विक्रेत्याच्या शेजारच्या दुकानात त्याच कागदाची झेरॉक्स निघाली, आणि मूळ कागद विकणाऱ्याने घडी घालून खिशात ठेवला. इसाराची रक्कम चेकने गेली होती, त्याचा बँकेचा उतारा जुळला. न्यायालयाने झेरॉक्स दुय्यम पुरावा म्हणून वाचली आणि तिला निशाणी क्रमांक मिळाला.

या वाटेचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. नोटीस मिळूनही ज्याने दस्त हजर केला नाही, त्याला नंतर तोच मूळ दस्त स्वतःच्या सोयीने पुराव्यात आणता येत नाही. त्यासाठी समोरच्याची संमती किंवा न्यायालयाचा आदेश लागतो. नव्या कायद्यात हे कलम 167 आहे. म्हणून मूळ प्रतिवादीकडे असेल, तर नोटीस न देता थेट झेरॉक्स पुढे करणं मला तरी तोट्याचं वाटतं.

आता ज्या त्रासामुळे माझं मत मुळाच्या बाजूला झुकलं, तो सांगतो. उलटतपासातला एक प्रश्न आहे: “ही झेरॉक्स कशावरून काढली?”

कलम 58 यंत्राने काढलेली प्रत दुय्यम पुरावा म्हणून मान्य करतं, पण ती मुळावरून काढलेली असावी लागते. कायद्यातलं उदाहरणच सांगतं की मूळ दस्ताचा फोटो दोघांची तुलना न करताही दुय्यम पुरावा ठरतो, फक्त ज्याचा फोटो घेतला ते मूळच होतं हे सिद्ध झालं पाहिजे. सगळं या ‘फक्त’वर अडतं. वडिलांच्या पश्चात ट्रंकेत वाटणीपत्राची झेरॉक्स सापडते. मुलगा साक्षीला उभा राहतो. ती कुणी काढली? माहीत नाही. कधी? माहीत नाही. काढताना मूळ समोर होतं का? मी तेव्हा शाळेत होतो. मुलगा खरं बोलत असतो, आणि नेमकं त्या खरेपणामुळे कागद पुढे सरकत नाही. ती झेरॉक्स मुळावरून निघाली, की दुसऱ्या झेरॉक्सवरून, हे कागदाकडे पाहून कळत नाही. तो कागद ‘आर्टिकल’ म्हणून चिन्हांकित होऊन फाइलमध्ये राहतो, पुराव्यात वाचला जात नाही. अशा साक्षी मी इतक्या पाहिल्या आहेत की आता पक्षकार झेरॉक्स घेऊन आला की मी आधी मजकूर वाचत नाही, ती काढणारा माणूस कोण आणि तो हयात आहे का, ते विचारतो.

मूळ दस्ताला हा प्रश्नच लागू होत नाही. सही सिद्ध करावी लागते, ती दोन्हीकडे लागते. पण प्रतिवादीने सही नाकारली तर मूळ दस्त हस्ताक्षर तज्ज्ञाकडे पाठवता येतो. शाईचा दाब, पेन कुठे उचललं, कुठे अडखळलं, हे त्याला मुळावर दिसतं. झेरॉक्सवर हे जवळजवळ सगळं पुसलेलं असतं आणि तज्ज्ञ बहुधा मत द्यायला तयार होत नाहीत. मागची बाजूही पाहा. मुद्रांक विक्रेत्याची नोंद, क्रमांक, तारीख हे पुष्कळदा स्टॅम्प पेपरच्या पाठीवर असतं, आणि झेरॉक्स काढणाऱ्याने फक्त पुढची बाजू काढलेली असते.

मुद्रांक कमी पडला असेल तर तफावत आणखी वाढते. मूळ दस्त असेल तर न्यायालय तो अटकावून ठेवतं, कमी पडलेलं शुल्क आणि दंड भरला की तो पुराव्यात येऊ शकतो. झेरॉक्सला ही सोय नाही. ज्या मूळ दस्तावर आवश्यक मुद्रांक नव्हता, त्याची नक्कल दुय्यम पुरावा म्हणून घेता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्येच सांगितलं आहे, आणि झेरॉक्सवर शुल्क व दंड भरून ती सुधारता येत नाही हे 2007 मध्ये. ताबा दिलेलं साठेखत शंभराच्या स्टॅम्पवर असेल आणि हातात फक्त झेरॉक्स असेल, तर मी पक्षकाराला आधीच स्पष्ट सांगतो की या कागदावर फार भिस्त ठेवू नका.

मूळ हरवलं असेल तर मात्र झेरॉक्सला खरी संधी आहे, कारण नष्ट किंवा गहाळ झालेल्या दस्ताचा कोणताही दुय्यम पुरावा चालतो. अट अशी की गहाळ होण्यात आपली कसूर किंवा हयगय नसावी. शेवटी कागद ज्याच्याजवळ होता, त्याने तो कुठे ठेवला, कुठे शोधला, पोलिसांत नोंद केव्हा केली, हे शपथेवर सांगावं लागतं. नोंद दाव्याच्या आदल्या आठवड्यात केलेली असेल तर ती फारशी उपयोगी पडत नाही. वेगळा अर्ज करून आधी परवानगी घ्यायलाच हवी असा नियम नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये एका मृत्युपत्राच्या प्रकरणात सांगितलं. त्याच वर्षीच्या जगमेल सिंग निकालात मृत्युपत्र फेरफारासाठी महसूल कर्मचाऱ्याकडे दिलं होतं आणि नोटीस देऊनही ते हजर झालं नव्हतं. तिथे दुय्यम पुराव्याची मुभा मिळाली, पण न्यायालयाने हेही बजावलं की मुभा मिळाली म्हणून दस्त आपोआप खरा ठरत नाही. निशाणी पडली की जिंकलो, असं समजणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. उलट बाजूला असाल तर आक्षेप कागद पुढे येतो त्याच क्षणी घ्या. सिद्ध करण्याच्या पद्धतीबद्दलचा आक्षेप तेव्हा घेतला नाही, तर अपिलात तो सहसा ऐकला जात नाही.

एका वर्गात तुलना करायचीच गरज नाही. सातबारा, फेरफार, जन्मनोंद असे सार्वजनिक दस्त असतील तर कायदा प्रमाणित प्रत सोडून दुसरा दुय्यम पुरावा घेतच नाही, झेरॉक्स कितीही स्वच्छ असो. नोंदणीकृत खरेदीखताचं मूळ हरवलं असेल तर दुय्यम निबंधकाकडून सहीशिक्क्याची नक्कल घ्या. नोंदणी अधिनियमाच्या कलम 57(5) प्रमाणे ती मूळ दस्तातला मजकूर सिद्ध करायला चालते, आणि ‘कशावरून काढली’ हा प्रश्न तिला कुणी विचारत नाही. नोटरीने किंवा राजपत्रित अधिकाऱ्याने ‘मूळप्रमाणे’ असा शिक्का मारलेली झेरॉक्स मात्र प्रमाणित प्रत नव्हे. दस्त ज्याच्या अधिकृत ताब्यात आहे, त्या अधिकाऱ्याने दिलेली प्रतच प्रमाणित. नोटरीच्या शिक्क्याचा उपयोग एवढाच की मूळ पाहून झेरॉक्स ताडली हे सांगायला त्याला साक्षीला बोलावता येतं.

तेव्हा माझा सल्ला, प्रत्येक दाव्याचं वेगळं असतं हे मान्य करून: दस्त नोंदणीकृत असेल तर झेरॉक्स बाजूला ठेवा आणि नक्कल मागवा. खाजगी दस्त समोरच्याकडे असेल तर नोटीस, वादपत्रातलं वाक्य आणि झेरॉक्स निघताना हजर असलेला साक्षीदार, ही तिन्ही हाताशी असतील तरच झेरॉक्सवर उभे राहा. साक्षीदार नसेल तर आदेश 12 नियम 2 ची दस्त कबूल करण्याची नोटीस देऊन पाहा, कारण मजकुराची लेखी कबुली मिळाली तर ती कबुलीच पुरावा म्हणून चालते. यातलं काहीच नसेल, तर मुळाच्या शोधात आणखी दोन तारखा गेल्या तरी त्या मी खर्च करीन. आणि नवा करार करत असाल तर दोन प्रती करून दोन्हींवर दोन्ही पक्षांच्या आणि साक्षीदारांच्या शाईच्या सह्या घ्या, मुद्रांकही दोन्हींना पुरेसा लावा. अशी प्रत्येक प्रत कायद्याने प्राथमिक पुरावाच असते.