नव्या भाड्याच्या घरासाठी भेट: इंडक्शन शेगडी की कुकर?

गॅस जोडणी मिळेपर्यंत इंडक्शनवर स्वयंपाक चालतो, पण भाड्याच्या घरात ओट्याजवळ बहुधा ६ अँपिअरचाच सॉकेट असतो. त्यावर साधारण १३०० वॅटपर्यंतच भार टाकता येतो. शेगडी २००० वॅटची असेल तर पूर्ण आचेवर प्लग तापतो, वास येतो. शिवाय ज्यांना भेट द्यायची त्यांच्याकडची साधी ॲल्युमिनियमची भांडी तिच्यावर तापतच नाहीत.

तीन लिटरचा कुकर दोघांना पुरतो. घर बदलताना फुटायची भीती नाही. शिट्टी तेवढी हरवते! इंडक्शन बेसचाच घ्या, बुडाला चुंबक चिकटतो का पाहा.

गॅस यायला वेळ असेल आणि १६ अँपिअरचा सॉकेट असेल तर शेगडी द्या. गॅस आहे, पण कुकर नाही, अशांना कुकरच.