आधारवरचा पत्ता बदलला: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या वर्षी आम्ही अमळनेरचं भाड्याचं घर सोडून जळगावला स्वतःच्या घरात आलो. घरातल्या तिघांच्या आधारवरचे पत्ते तीन वेगवेगळ्या मार्गांनी बदलून घेतले. माझा ऑनलाइन, आईचा आधार केंद्रात आणि बायकोचा कुटुंबप्रमुखाच्या आधारे. त्यानंतर ही कार्डं बँक, गॅस, मुलीची शाळा आणि सेतू केंद्र सगळीकडे फिरून आली. त्यामुळे आता नीट सांगता येईल. ऑनलाइन सेवा चांगली आहे आणि मी ती कोणालाही वापरायला सांगेन. पण 'तुमचा पत्ता अपडेट झाला' हा मेसेज म्हणजे काम झालं असं आपल्या भागातल्या माणसाने धरू नये. कार्डावर पत्ता दोनदा छापलेला असतो, एकदा मराठीत आणि एकदा इंग्रजीत. चुका बहुतेक मराठीत होतात, आणि तपासलं जातं फक्त इंग्रजी.

त्याचं कारण फॉर्म भरतानाच समोर येतं. myaadhaar.uidai.gov.in वर आधार नंबर आणि मोबाईलवरचा ओटीपी टाकून आत गेलं की पत्त्याचे रकाने उघडतात. C/O, घर किंवा प्लॉट, रस्ता, जवळची खूण, परिसर, गाव, पोस्ट, पिन. आपण इंग्रजीत टाइप करतो आणि शेजारी मराठी आपोआप उमटत जातं. हे भाषांतर नसतं, इंग्रजी अक्षरांवरून केलेला अंदाज असतो. इंग्रजीत ळ साठी वेगळं अक्षर नाही, आणि आपल्याकडे तर जळगाव, धुळे, अमळनेर, भुसावळ, चाळीसगाव, तळोदा, गावोगाव ळ आहे. जिल्हा, तालुका आणि गाव यादीतून निवडायचे असल्याने ती नावं सहसा बरोबर येतात. खरी गडबड होते ती आपण हाताने भरलेल्या रकान्यांत.

माझा पत्ता साधा आहे: प्लॉट १४, गट नं. ११२, पाण्याच्या टाकीजवळ, पाटील मळा. मी इंग्रजीत `Plot No 14, Gat No 112`, खुणेच्या रकान्यात `Near Pani Tanki` आणि परिसरात `Patil Mala` असं भरलं. मराठीत काय आलं? 'गॅट नं', 'नियर पाणी टांकी' आणि 'पाटील माला'. 'गॅट' वाचून तलाठ्याला काही बोध होणार नाही आणि 'पाटील माला' नावाची जागा जळगावात कुठे शोधायची? मराठीच्या रकान्यात क्लिक करून मी हे तिथल्या तिथे दुरुस्त केलं. मोबाईलच्या मराठी कीबोर्डवरून ते सहज होतं. थांबायची हीच जागा आहे. शेवटी पूर्ण पत्ता एकत्र दाखवतात तेव्हा इंग्रजी एकदा आणि मराठी एकदा, मोठ्याने वाचा. डोळे घाईत शब्द गिळतात, मोठ्याने वाचताना जीभ अडते.

एकच नाव दोन-तीन रकान्यांत भरू नका. परिसरातही गाव, खुणेतही गाव, पुन्हा गावाच्या रकान्यात गाव असं केलं की कार्डावर ते तितक्याच वेळा छापून येतं आणि घर नंबर त्या गर्दीत हरवतो. पिनवरून जिल्ह्याचा अंदाजही बांधू नका. चाळीसगावचा पिन ४२४१०१ आहे, म्हणजे सुरुवात धुळ्यासारखी, पण जिल्हा जळगाव. शिरपूरचा ४२५४०५, म्हणजे सुरुवात जळगावसारखी, पण जिल्हा धुळे. शहादा, तळोदा, नवापूरकडच्यांनी जुने कागद पुरावा म्हणून जोडताना आणखी एक पाहावं. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला, त्याआधीच्या कागदांवर जिल्हा धुळेच आहे. अशा वेळी अलीकडचा पुरावा जोडलेला बरा.

पुराव्याबद्दल थोडक्यात. लाईट बिल चालतं, पण तीन महिन्यांच्या आतलं आणि अर्ज करणाऱ्याच्याच नावाचं. घरपट्टीची पावती एका वर्षाच्या आतली चालते. फाइल २ एमबीच्या आत हवी आणि नावाचा आणि पत्त्याचा भाग स्पष्ट दिसला पाहिजे. कागदावर नसलेली खूण किंवा गल्लीचं नाव पत्त्यात घालता येतं, मूळ पत्ता बदलत नसेल तर. म्हणून बिलावर पाण्याची टाकी नसली तरी माझी विनंती अडली नाही. फी पूर्वी ५० रुपये होती, १ ऑक्टोबर २०२५ पासून ७५ आहे. पैसे भरले की एसआरएन नंबर मिळतो, त्यावरून अर्ज कुठवर आला ते कळतं. ३० दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो.

आता आईचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते तिथेच. तिचा मोबाईल आधारला जोडलेला नव्हता, म्हणजे ओटीपी येणार नाही आणि ऑनलाइनचा रस्ता बंद. लाईट बिल माझ्या नावाचं. म्हणून तिच्यासाठी आधारच्या ठरावीक नमुन्यातला पत्त्याचा दाखला भरून, फोटोवर सही-शिक्का घेऊन आम्ही एका केंद्रात गेलो. हा दाखला तारखेपासून तीन महिने चालतो. मोबाईल नंबर आणि पत्ता एकाच वेळी दिले, म्हणून फी एकदाच लागली. हे दोन्ही एकत्रच उरकावं. ऑपरेटरने भराभर इंग्रजी टाइप केलं, आईचं बोट घेतलं आणि पावती हातात दिली. मागे रांग मोठी होती, मराठी ओळ कोणीच पाहिली नाही.

मंजुरीचा मेसेज आल्यावर मी ई-आधार डाउनलोड केलं. त्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष. सुमन नाव आणि १९५८ साल असेल तर `SUMA1958`. प्रिंट काढून आईच्या हातात दिली. ती मराठी शाळेत शिकलेली, वरची मराठीच आधी वाचते. चष्मा लावून तिने ओळीवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "काय लिखेल शे रे हाई? कोनता माला?" मी ऑनलाइन करताना ज्या चुका दुरुस्त केल्या होत्या, त्याच छापून आल्या होत्या: 'गॅट', 'नियर', 'माला'. खालचं इंग्रजी मात्र अगदी बरोबर.

मग मी एमआधार ॲपने क्यूआर कोड स्कॅन केला. नाव, घर, खूण, पोस्ट, पिन सगळं व्यवस्थित आलं आणि डिजिटल सही वैध दाखवली. क्यूआर कोडमध्ये पत्ता फक्त इंग्रजीत असतो, मराठी ओळ त्यात नसतेच. त्यामुळे 'स्कॅन केलं, बरोबर आलं' असं कोणी सांगितलं तर त्याने मराठीबद्दल काहीच कळत नाही. मराठी डोळ्यांनीच वाचावी लागते. कार्ड खरं आहे का आणि इंग्रजी पत्ता कोणता हे क्यूआरवरून कळतं, आणि त्यासाठी ते खरंच उपयोगी आहे. अजून एक मर्यादा लक्षात ठेवा. माझं अमळनेरच्या पत्त्याचं जुनं कार्ड स्कॅन केलं तर तेही वैध म्हणूनच येतं, फक्त जुन्या पत्त्यासह. कोडमध्ये छापलं त्या दिवशीची माहिती बंद असते, नंतरचा बदल त्याला कळत नाही.

आईचा मोबाईल आता जोडलेला होता, म्हणून दुसरी विनंती घरून ऑनलाइन केली, तोच दाखला जोडून आणि फी पुन्हा भरून. या वेळी मराठी हाताने दुरुस्त केली आणि मंजूर झालेलं ई-आधार आईनेच वाचून पास केलं. पत्ता बदलण्याला संख्येची मर्यादा नाही. नाव दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, तसं पत्त्याचं नाही. म्हणून छापील चूक दिसली तर 'चालतंय की' म्हणून सोडून देऊ नका. आईच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतूत गेलो तेव्हा तिथल्या मुलीने आधारची मराठी ओळ पाहूनच पत्ता टाइप केला. चुकीचं कार्ड नेलं असतं तर सरकारी दाखल्यावरही 'पाटील माला' आलं असतं.

केंद्रात जाणाऱ्यांसाठी एवढंच सांगेन: बोट देण्याआधी स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगा आणि पावती तिथेच उभं राहून वाचा. पावतीवर दोन्ही भाषांतला पत्ता असतो. रांग असली तरी हे मागणं आपला हक्क आहे आणि चांगला ऑपरेटर नाही म्हणत नाही. माझा आतेभाऊ बरीच वर्षं सुरतला कामाला होता, त्याच्या कार्डावर दुसरी भाषा गुजराती आहे. अशा लोकांनी टायपिंग सुरू होण्याआधीच 'स्थानिक भाषा मराठी ठेवा' असं सांगावं.

बायकोच्या नावावर कोणतंही बिल नव्हतं. तिने तिच्या लॉगिनमधून कुटुंबप्रमुख म्हणून माझा आधार नंबर टाकला आणि नात्याचा पुरावा म्हणून लग्नाचा दाखला जोडला. माझ्या मोबाईलवर मेसेज आला, मी माझ्या लॉगिनमधून होकार दिला. हा होकार ३० दिवसांच्या आत द्यावा लागतो, नाहीतर विनंती बंद होते आणि फी परत मिळत नाही. या मार्गात पत्ता टाइप करायचा नसतो, प्रमुखाचा पत्ता जसाच्या तसा उतरतो. ज्यांच्या घरी पुरावा एकाच्याच नावाचा आहे त्यांच्यासाठी ही सगळ्यात सोपी सोय आहे. मात्र आधी प्रमुखाचं कार्ड दोन्ही भाषांत तपासून घ्या, नाहीतर तीच चूक घरभर पसरेल.

पीव्हीसी कार्ड मागवायची घाई करू नका. मंजुरीआधी मागवलं तर जुना पत्ता छापून येतो, आणि ई-आधार न वाचता मागवलं तर चूक प्लॅस्टिकवर पक्की होते. पुन्हा मागवायचं तर पैसे पुन्हा भरावे लागतात. कार्डावर छपाईची तारीख असते. घरात दोन कार्डं असतील तर त्या तारखेवरून नवं कोणतं ते ओळखता येतं. डिजिलॉकरमध्येही आधार पुन्हा अद्ययावत करून घ्यावं लागलं, तोवर तिथे अमळनेरच दिसत होतं. मतदार यादीतला पत्ता यातून बदलत नाही, त्यासाठी फॉर्म ८ वेगळा भरायचा. बँकेतही नवं कार्ड दाखवून केवायसी करून घेतली, तेव्हाच पासबुकावर जळगाव आलं.