जनरेट केलेल्या व्हिडिओतल्या मराठी पाट्या: काही महिने वापरल्यानंतरचं मत

दुकानांच्या छोट्या जाहिराती करतो. गेले काही महिने वर्णनावरून व्हिडिओ बनवणाऱ्या एका एआय मॉडेलवर काम चालू आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण हा प्रश्न एकाच मॉडेलचा नाही. चेहरे, कापडाची सळसळ, पावसातला रस्ता या बाबतीत मी खूश आहे. पाटीवरच्या मराठीच्या बाबतीत मात्र निष्कर्ष ठाम आहे: अक्षरं मॉडेलकडून लिहून घेऊ नका.

असं का होतं, ते थोडक्यात. यातली बहुतेक मॉडेल्स चित्र थेट पिक्सेलमध्ये काढत नाहीत. आधी ते दाबून लहान केलेल्या रूपात तयार होतं. प्रचलित रचनेत ८ बाय ८ पिक्सेलचा एक चौकोन होतो आणि पहिली फ्रेम सोडली तर पुढच्या चार-चार फ्रेम्स एकत्र गुंडाळल्या जातात. आता ७२०पी व्हिडिओत २४ पिक्सेल उंचीचं अक्षर घ्या. त्याच्या वाट्याला उंचीत जेमतेम तीन चौकोन येतात. रोमन अक्षर त्यात कसंबसं तगतं. 'स्त्र' कसं तगेल? अनुस्वार तर तीन-चार पिक्सेलचा, म्हणजे अर्धा चौकोन. कॅमेरा सरकला की चार फ्रेम्समधली हालचालही तिथेच कोंबली जाते.

'वस्त्र भांडार' अशी पाटी हवी होती. नुसतं वर्णन लिहून मागितली तर शिरोरेषेखाली देवनागरीसारखी दिसणारी वळवळ मिळते. ती निदान लगेच दिसते. मग पहिली फ्रेम स्वतः अचूक अक्षरांनिशी तयार करून दिली. सुरुवात उत्तम झाली, पण कॅमेरा पाटीकडे जाता जाता 'भांडार'चं 'भाडार' झालं आणि 'स्त्र'चा 'स्र'. हे जास्त धोकादायक, कारण चालू व्हिडिओत डोळा ते आपोआप दुरुस्त करून वाचतो. त्यामुळे तपासताना शेवटची फ्रेम थांबवून, मोठी करून, अक्षर अक्षर वाचायची. ज्याने मजकूर आधी पाहिलेला नाही अशा कुणाला तरी वाचायला लावलं तर आणखी बरं.

स्थिर कॅमेरा, समोरून दिसणारी पाटी आणि मात्रा-उकार सोडून साधारण ८० पिक्सेलचं अक्षर असेल, तर पहिल्या फ्रेमची युक्ती बऱ्याचदा चालते. बाकी सगळीकडे मी पाटी कोरी ठेवतो आणि अक्षरं नंतर बसवतो.

कोरी पाटी मिळवणंही सोपं नाही. वर्णनात पाटीचा उल्लेख आला की मॉडेलला तिच्यावर काहीतरी खरडायची हुक्की येते. म्हणून पहिल्या फ्रेममध्येच सपाट निळी पाटी रंगवून देतो आणि वर्णनात फक्त रस्ता, माणसं, कॅमेऱ्याची चाल लिहितो. पण नंतर अक्षरं बसवायची तर पाटी कशी हलते ते फ्रेमगणिक टिपावं लागतं, आणि एकरंगी पाटीवर या ट्रॅकिंगला धरायला काहीच नसतं. त्यावर चार कोपऱ्यांत ठसठशीत पांढरे स्क्रू काढले. मॉडेल ते बऱ्यापैकी जागच्या जागी ठेवतं, आणि खऱ्या पाटीलाही स्क्रू असतातच, त्यामुळे पुसायची गरज पडत नाही.

पुढचं काम मी फुकटच्या ब्लेंडरमध्ये करतो. चार स्क्रूंवर चार मार्कर लावून ट्रॅक करायचं, मग `Create Plane Track`, आणि कंपोझिटरमध्ये `Plane Track Deform`. अक्षरं इंकस्केपमध्ये पारदर्शक पीएनजी करून आणतो. तिथे जोडाक्षरं नीट जुळतात. नुसती चिकटवलेली अक्षरं स्टिकरसारखी उठून दिसतात. शुद्ध पांढऱ्याऐवजी किंचित मळकट रंग, आजूबाजूच्या चित्राइतकीच धूसरता आणि थोडा दाणा एवढ्याने फरक पडतो.

व्हिडिओ मोठा करणारं अपस्केलिंग या सगळ्याच्या आधी उरका. एआय अपस्केलरही बारीक अक्षरं स्वतःच्या मनाने गिरवतो. मी नीट बसवलेली पाटी त्याने बिघडवलेली पाहिली आहे. खाली येणारे पत्ते, किमती, सबटायटल हे तर व्हिडिओत जनरेट करूच नये. एडिटरमध्ये शेवटच्या थरावर टाकायचे.

मागची दुकानं हा वेगळा ताप. महाराष्ट्रात पाटीवर देवनागरी मराठी अनिवार्य आहे, आणि २०२२च्या दुरुस्तीपासून लहान दुकानांनाही. त्यामुळे आपल्याकडचा बाजार दाखवायचा तर मागेही मराठी पाट्या हव्यातच. एवढ्या सगळ्या ट्रॅक करत बसणं परवडत नाही. मी पहिल्या फ्रेममध्ये त्यांच्यावर ताडपत्री आणि कनाती ओढतो, उरलेल्या फोकसबाहेर ढकलतो.

पाटीसमोरून माणूस गेला की मात्र हात टेकतो. त्याच्या आकाराचा मास्क फ्रेमगणिक काढावा लागतो, केसांच्या कडेला अक्षरं लुकलुकतात. असा शॉट आता मी मागतच नाही. गिऱ्हाईक पाटीखालून आत जातं, पाटीसमोरून नाही.