गांधी की औषधाचं पुरळ?

कोळंबी खाल्ल्यावर तासाभरात अंगावर पित्त उठतं, त्या गांधी. फुगीर, लाल, प्रचंड खाजऱ्या. दाबल्या की फिक्या पडतात. एका गांधीभोवती पेनाने गोल काढा. बहुधा 24 तासांत ती तिथून नाहीशी होते, डाग न ठेवता, आणि नवी दुसरीकडे उठते.

अमॉक्सिसिलिनसारख्या औषधाचं गोवरासारखं पुरळ मात्र बहुतेकदा आठवड्याभराने येतं आणि त्याच जागी दिवसेंदिवस टिकतं. पण औषधानेही गांधी उठतात, त्यामुळे कारणापेक्षा हा गोलच जास्त सांगतो.

गांधींसोबत ओठ-जीभ सुजली, दम लागला, वारंवार उलट्या झाल्या किंवा चक्कर आली, तर लगेच 108 ला फोन करा. पुरळात फोड आले, तोंड सोललं, तरीही तातडीने रुग्णालय गाठा.